लहान कॅबिनेट : एक स्लॉट की चार?

मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर बाजूचा चौरस असतो आणि मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटर बाजूचा. क्षेत्रफळ काढले तर दुसरा पहिल्याच्या निम्म्याहूनही लहान भरतो. मायक्रो एटीएक्स इंटेलने १९९७ मध्ये आणला. आपल्याच १९९५ च्या एटीएक्स बोर्डाची उंची कमी करून कंपनीने त्यावर चार विस्तार-स्लॉटपर्यंत जागा ठेवली. मिनी आयटीएक्स २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीकडून आला. या कंपनीचे प्रोसेसर अगदी थोडी वीज खात, त्यामुळे तो बोर्ड छोट्या, शांत, जवळजवळ न तापणाऱ्या यंत्रांसाठी योग्य होता. त्यावर एकच स्लॉट होता आणि आजही एकच असतो. शे-दोनशे वॉट ओढणारे ग्राफिक्स कार्ड त्या स्लॉटमध्ये बसवायचे हा विचार पुष्कळ नंतरचा आहे. मिनी आयटीएक्स यंत्राच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

छोटा डेस्कटॉप जुळवू पाहणारा माणूस साधारणपणे बोर्डापासून सुरुवात करतो. लहान बोर्ड घेतला की यंत्र लहान होईल, असा हिशेब असतो. तो अर्धाच खरा आहे. कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची ठरवणाऱ्या वस्तू चार : बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरचा कूलर आणि एसएमपीएस. यांपैकी बोर्ड ही एकच वस्तू जवळजवळ सपाट आहे.

दोन प्रत्यक्ष कॅबिनेट शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. कूलर मास्टरचा एनआर२०० हा मिनी आयटीएक्ससाठीचा लोकप्रिय कॅबिनेट सव्वाअठरा लिटरचा आहे. लियान लीचा ए३-एमएटीएक्स हा मायक्रो एटीएक्ससाठीच्या सर्वांत आटोपशीर कॅबिनेटांपैकी एक, आणि तो सव्वीस लिटरच्या थोडा वर आहे. आठ लिटरचा फरक लहान नाही. पण एनआर२०० ची रुंदी १८५ मिलिमीटर आणि ए३ ची १९४, म्हणजे अंतर अवघे नऊ मिलिमीटरचे. रुंदी बोर्ड ठरवत नाही, ती बोर्डावर उभा राहणारा कूलर ठरवतो. दोन्ही कॅबिनेटांत दीडशे मिलिमीटरच्या वर उंचीचा टॉवर कूलर मावतो, म्हणून दोघांची रुंदी जवळजवळ सारखी. लांबीत फरक आहे, पण दोन्हींना लांब ग्राफिक्स कार्ड सामावायचे असते, त्यामुळे तोही बोर्डाच्या आकाराच्या प्रमाणात नाही. आठ लिटरपैकी साधारण एक लिटर तर नुसत्या एसएमपीएसचे आहे. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस पावणेदोन लिटरच्या वर जागा घेतो आणि एसएफएक्स प्रकारचा छोटा पाऊण लिटरच्या आसपास.

यावरून एक गोष्ट निघते. टॉवर कूलर आणि मोठे ग्राफिक्स कार्ड ठेवायचेच असेल, तर मिनी आयटीएक्स घेऊन टेबलावरची जागा बोर्डाच्या आकाराच्या प्रमाणात वाचत नाही, मुख्यतः लांबी कमी होते. खरी बचत कूलर बुटका केला आणि ग्राफिक्स कार्ड बोर्डाच्या पाठीमागे नेले की सुरू होते. डॅन ए४-एसएफएक्स हा सात लिटरच्या थोडा वर असलेला कॅबिनेट असाच बांधला आहे. त्यात बोर्ड एका कप्प्यात, कार्ड दुसऱ्या कप्प्यात आणि दोघांना जोडणारी एक चपटी केबल असते, जिला रायझर म्हणतात. एवढ्या लहान आकारात मायक्रो एटीएक्सला शिरकावच नाही. पण तिथे कूलरसाठी ४८ मिलिमीटर उंची उरते, म्हणजे टॉवर कूलरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडीच. आकाराची किंमत थंडाव्यात मोजली जाते ती अशी.

आता स्लॉटांकडे वळू. मायक्रो एटीएक्सच्या चार जागा ऐकायला भरपूर वाटतात. प्रत्यक्षात दोन स्लॉटांमधले अंतर ठरलेले असते, २०.३२ मिलिमीटर. चार स्लॉटांपैकी सर्वांत वरच्यात ग्राफिक्स कार्ड बसते आणि त्याचे पंखे खालच्या बाजूला तोंड करून असतात. कार्ड दोन स्लॉट जाडीचे, म्हणजे चाळीस मिलिमीटरचे असेल, तर ते दुसरा स्लॉट झाकते आणि तिसरा-चौथा मोकळा राहतो. कार्ड तीन स्लॉट जाडीचे असेल तर केवळ चौथा उरतो. त्यात दुसरे कार्ड लावले की ते ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांना जवळजवळ चिकटते, हवा खेचायला फट राहत नाही आणि दुपारभर चालणाऱ्या कामात कार्ड तापू लागते. म्हणून जाड ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याच्या हाती मायक्रो एटीएक्सचे चार स्लॉट कागदावरच राहतात. व्यवहारात त्याच्याकडे एक पूर्ण आणि एक अडचणीतला स्लॉट असतो.

दुसरा सापळा विजेच्या तारांचा आहे. स्लॉट सोळा लेनच्या लांबीचा दिसला म्हणून त्यात सोळा लेन असतातच असे नाही. स्वस्त मायक्रो एटीएक्स बोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला बहुधा चार लेन जोडलेल्या असतात, कधी एकच. काही बोर्डांवर दुसरी किंवा तिसरी एम.२ एसएसडी बसवली की तोच स्लॉट बंद होतो, कारण दोघांच्या लेन सामाईक असतात. हे जाहिरातीत सापडत नाही, बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यात सापडते. मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. खरेदीआधी एवढी दोन पाने वाचली तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.

एका स्लॉटवर भागेल का, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. एकेकाळी साऊंड कार्ड, नेटवर्क कार्ड, वायफाय, टीव्ही ट्यूनर हे सगळे स्लॉटात बसायचे. आज आवाज आणि नेटवर्क बोर्डावरच असते, मिनी आयटीएक्स बोर्डांवर वायफायही बहुधा आधीच दिलेले असते आणि बाकी पुष्कळ गोष्टी यूएसबीवर गेल्या आहेत. घरच्या यंत्रात ग्राफिक्स कार्डाशिवाय दुसरे कार्ड लागण्याची कारणे मोजकीच उरली आहेत : १० गिगाबिट नेटवर्क, व्यावसायिक कॅमेऱ्याचा सिग्नल घेणारे कॅप्चर कार्ड किंवा अनेक हार्ड डिस्क जोडणारे कंट्रोलर कार्ड. यांतले काहीच लागणार नसेल, तर मायक्रो एटीएक्सचे जास्तीचे स्लॉट वर्षानुवर्षे धूळ खात राहतात. ‘पुढे कधी लागले तर’ या एका वाक्यावर बरेच मोठे कॅबिनेट विकले जातात.

रॅमच्या बाबतीतही कागदावरचा फरक जास्त दिसतो. मिनी आयटीएक्सवर रॅमचे दोन स्लॉट, मायक्रो एटीएक्सवर बहुतेकदा चार. पण डीडीआर५ रॅमच्या चार पट्ट्या एकत्र चालवणे प्रोसेसरला जड जाते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे. त्यामुळे पुढेमागे आणखी दोन पट्ट्या टाकू, हा बेत वेगाच्या मुळावर येतो. आता एकेक पट्टी ३२ किंवा ४८ जीबीचीही मिळते, म्हणून दोन स्लॉटांतही घरगुती आणि बऱ्याचशा व्यावसायिक कामाची गरज भागते. फक्त सुरुवातीलाच हवी तेवढी रॅम घ्यावी लागते, कारण नंतर वाढवायची तर जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात.

थंडाव्याचा प्रश्न मात्र अधिक मुळातला आहे, आणि त्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत. मोठ्या कॅबिनेटमध्ये हवा जास्त मावते म्हणून तो थंड राहतो, असे म्हटले जाते. आत साठलेली हवा काही मिनिटांत तापते, पुढे तिचा उपयोग नाही. उष्णता बाहेर जाते ती वाहत्या हवेबरोबर. एक लिटर हवा एक अंशाने तापायला साधारण १.२ ज्यूल उष्णता लागते, म्हणून हिशेब सोपा आहे. यंत्र २४५ वॉट खात असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे वीस लिटर हवा आरपार गेली पाहिजे. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्यावर सेकंदाला पंचवीस-तीस लिटर हवा ढकलतो. पुढे जाळी, धूळगाळणी आणि वायरींचा गुंता आला की निम्मीअर्धी उरते. म्हणजे असे दोन पंखे हे किमान. पंखे किती आणि किती मोठे बसतात, त्यांच्यापुढे किती मोकळी जागा राहते, यावर सगळे अवलंबून असते आणि लहान कॅबिनेट नेमके इथेच कमी पडतो. जागा कमी म्हणून पंखे लहान, पंखे लहान म्हणून तेवढ्याच हवेसाठी जास्त वेगाने फिरणारे, आणि वेगाने फिरणारे म्हणून आवाज करणारे. एसएफएक्स एसएमपीएसचा छोटा पंखाही भार वाढला की याच कारणाने कुरकुरतो.

प्रोसेसरच्या कूलरचे असेच आहे. धातूच्या पात्यांचे क्षेत्रफळ हवेला उष्णता देते आणि हे क्षेत्रफळ उंचीबरोबर वाढते. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत वीज घेतो. दीडशे मिलिमीटरचा टॉवर कूलर एवढी उष्णता सहज आणि शांतपणे काढतो. नॉक्टुआच्या एनएच-एल९ मालिकेसारखा ३७ मिलिमीटर उंचीचा कूलर तीच उष्णता पूर्ण वेगाने फिरून कशीबशी काढतो आणि उन्हाळ्यात प्रोसेसर ९५ अंशांच्या आपल्या मर्यादेजवळ जातो. त्यावर एक उपाय आहे, तो म्हणजे वीजच कमी करणे. या प्रोसेसरला बायोसमध्ये Eco Mode लावला की मर्यादा ६१ वॉटवर येते. वीज तीस टक्क्यांनी घटते, काम मात्र तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर अवाजवी वीज खात असतो. बुटक्या कूलरच्या यंत्रात हा बदल जवळजवळ आवश्यकच मानावा.

खोलीचे तापमानही हिशेबात धरावे लागते. यंत्राच्या भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. परदेशातल्या चाचण्या बहुतेकदा एकवीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. तिथे ६८ अंशांवर थांबणारे ग्राफिक्स कार्ड मे महिन्यात विदर्भातल्या अडतीस अंशांच्या खोलीत त्याच पंख्यांच्या वेगाने ८२ च्या आसपास जाईल. मोठ्या कॅबिनेटमध्ये पंखे थोडे वाढवून ही तफावत भरून निघते. सात लिटरच्या कॅबिनेटमध्ये पंखे आधीच वरच्या वेगाला पोहोचलेले असतात, त्यामुळे वाढवायला काही शिल्लक नसते. एसी नसलेल्या खोलीसाठी दहा लिटरच्या आतल्या यंत्राचा मोह टाळलेला बरा.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, लग्नांचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या एखाद्या छायाचित्रकाराला घरच्या टेबलावर मावेल असे यंत्र हवे आहे. प्रोसेसर वर सांगितलेला रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६०, रॅम ६४ जीबी आणि दोन एम.२ एसएसडी. प्रोसेसरचे ८८, कार्डाचे ११५ आणि बाकी सगळ्याचे चाळीस-बेचाळीस धरले तर बेरीज २४५ वॉट होते, म्हणजे वरचाच हिशेब. एवढ्यापुरते पाहिले तर एनआर२०० सारखा अठरा लिटरचा मिनी आयटीएक्स कॅबिनेट पुरेसा आहे. त्यात टॉवर कूलर मावतो, तळाला १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतात, रॅमच्या दोन पट्ट्या आणि दोन एसएसडींना बोर्डावर जागा असते. मायक्रो एटीएक्सने इथे आकार वाढण्यापलीकडे काही मिळत नाही.

पण त्याचे सगळे फुटेज नेटवर्कवरच्या साठवणीत असेल आणि ते तिथूनच उघडून संपादित करायचे असेल, तर चित्र पालटते. आता १० गिगाबिट नेटवर्क कार्ड लागते. हे कार्ड पूर्ण वेगाने चालले तर सेकंदाला सव्वा जीबी माहिती हलवते. पीसीआयई ३.० ची एक लेन जेमतेम एक जीबी पेलते, म्हणून कार्डाला किमान दोन आणि सोयीसाठी चार लेनचा स्लॉट हवा. मिनी आयटीएक्सचा एकुलता एक स्लॉट ग्राफिक्स कार्डाने घेतलेला असतो. मग १० गिगाबिट जोडणी आधीच असलेला महाग बोर्ड शोधायचा किंवा एम.२ च्या जागेत बसणारे नेटवर्क कार्ड घेऊन एका एसएसडीवर पाणी सोडायचे, असे मार्ग उरतात. दोन्ही चालतात, पण दोन्ही आडवाटेचे आहेत. मायक्रो एटीएक्सवर मात्र दोन स्लॉट जाडीचे आरटीएक्स ४०६० वर आणि नेटवर्क कार्ड चौथ्या स्लॉटमध्ये ठेवले की दोघांत सुमारे वीस मिलिमीटर फट राहते आणि ग्राफिक्स कार्डाला हवा मिळते. चौथ्या स्लॉटला चार लेन आहेत ना, एवढे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. या गरजेसाठी ए३ सारखा सव्वीस लिटरचा कॅबिनेट अधिक शहाणपणाचा. तीन स्लॉट जाडीचे ग्राफिक्स कार्ड मात्र इथे घेऊ नये. तेवढ्या एका निवडीने हा सगळा फायदा संपतो.

पैशांचा कल मायक्रो एटीएक्सच्या बाजूने आहे. त्याच चिपसेटचा मिनी आयटीएक्स बोर्ड बहुधा बराच महाग असतो, कारण तेवढेच भाग निम्म्या जागेत, जास्त थरांच्या बोर्डावर बसवावे लागतात. एसएफएक्स एसएमपीएसही त्याच क्षमतेच्या साध्या एसएमपीएसपेक्षा महाग पडतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मायक्रो एटीएक्स बोर्ड दुकानोदुकानी दिसतात. मिनी आयटीएक्सचे मोजके प्रकार मिळतात आणि पुष्कळदा मागवावे लागतात. बोर्ड बिघडला आणि बदलायची वेळ आली की हा फरक विशेष जाणवतो.

यंत्र जुळवून झाले की थंडावा पुरेसा आहे की नाही हे तपासण्याची रीत साधी आहे. नेहमीचे जड काम किंवा चाचणीचा प्रोग्राम अर्धा तास चालू ठेवावा. पाच मिनिटांवर थांबण्यात अर्थ नाही, कारण धातू आणि कॅबिनेट पूर्ण तापायला तेवढा वेळ लागतोच. मग तापमाने लिहून ठेवावीत, बाजूचे पॅनेल काढून पुन्हा अर्धा तास चालवावे. आकडे एक-दोन अंशांनीच उतरले तर कॅबिनेटमधून हवा व्यवस्थित वाहते आहे आणि उष्णता जास्त असलीच तर दोष कूलरचा आहे. सात-आठ किंवा त्याहून जास्त अंशांनी उतरले तर कॅबिनेट गुदमरतो आहे. अशा वेळी महागडा कूलर आणण्याआधी पंख्यांची दिशा, तळाची जाळी, कॅबिनेटचे भिंतीपासूनचे अंतर आणि हवेच्या वाटेत आलेल्या वायरी पाहाव्यात. ग्राफिक्स कार्ड उष्णतेमुळे मंदावते का, हे GPU-Z प्रोग्राममध्ये PerfCap Reason या ओळीत दिसते. तिथे Thrm वारंवार उमटत असेल तर कार्ड तापमानापायी आपला वेग घटवत आहे. त्याच प्रोग्राममधली Bus Interface ही ओळ कार्डाला किती लेन मिळाल्या हे सांगते. आरटीएक्स ४०६० ला मुळात आठच लेन असतात, म्हणून तिथे भार असताना `x8 4.0` दिसणे बरोबर आहे. रायझरने जोडलेल्या कार्डापुढे `x8 3.0` दिसले तर केबल जुन्या दर्जाची आहे किंवा बायोसमध्ये वेग उतरवलेला आहे, असे समजावे.

मिनी आयटीएक्स बोर्डाच्या मागच्या बाजूला बसवलेल्या एम.२ एसएसडीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तिथे हवा फिरत नाही आणि मोठी फाइल हलवताना ती एसएसडी तापून मंदावते. सुरुवातीला भरधाव जाणारी कॉपी मध्येच एकदम रोडावली तर तिच्या तापमानाचा आकडा पाहावा, अर्थात एसएसडीचा आतला वेगवान साठा भरल्यानेही असेच होते. कमी वीज खाणारी एसएसडी मागे आणि रोज जड काम करणारी पुढे, अशी वाटणी केली की हा त्रास बहुधा राहत नाही.

निर्णय होतच नसेल तर बोर्डांच्या रचनेतच एक सवलत आहे. मिनी आयटीएक्सची स्क्रूची चार छिद्रे मायक्रो एटीएक्सच्या छिद्रांशी जुळतात, त्यामुळे छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बिनदिक्कत बसतो. उलट जमत नाही. ज्याच्याकडे जुना मिनी आयटीएक्स बोर्ड आहे आणि ज्याला उष्णतेचाच त्रास आहे, त्याने केवळ कॅबिनेट बदलला तरी यंत्र थंड होते. दुसरा स्लॉट हवा असेल तर मात्र बोर्ड बदलावाच लागतो.